ऑफिसचे जुने डेस्कटॉप टप्प्याटप्प्याने बदलायचे, साहेबांना लेटर देतोय. क्रम बरोबर आहे का?

मशीदबंदर_अकाउंट्स: आमचं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस, १२ डेस्कटॉप. ५ चौथ्या जनरेशनचे, ४ सहाव्या, ३ आठव्या, सगळ्यांत साधी हार्ड डिस्क. लेटरमध्ये लिहिलंय की आधी सगळ्यांना रॅम, मग एसएसडी, मग नवीन मशीन. लॅमिंग्टन रोडचं कोटेशन आहे: नवीन ब्रँडेड डेस्कटॉप विंडोज प्रोसकट, जीएसटी धरून ४५,०००, एसएसडी २,५००. चूक असेल तर सांगा, सोमवारी द्यायचंय.

भांडुपकर: रॅम पहिली घेऊ नका, चूक तिथेच आहे. चौथ्या जनरेशनला डीडीआर३ लागते, ती नवीन मशीनमध्ये बसतच नाही, म्हणजे मशीन गेलं की रॅमचे पैसेही गेले. आणि तुमची मशीन स्लो आहेत ती रॅममुळे की डिस्कमुळे हे कोणी बघितलंय का? सकाळी मशीन चालू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ६०-७० टक्क्यांवर आणि डिस्क १०० वर अडकलेली असेल तर रॅम टाकून काही होणार नाही. मी १४ वर्षं ऑफिसांची मशीन सांभाळतोय, असं लेटर घेऊन गेलेले आणि सहा महिन्यांनी साहेबांची बोलणी खाल्लेले लोक बघितलेत, कारण खर्च झाला आणि मशीन तशीच स्लो.

विलेपार्ले_११: रॅमचे भाव तसेही २०२५ च्या शेवटापासून चढलेत, त्यामुळे आता रॅम नकोच. पण माझं म्हणणं सरळ आहे, टप्पे कशाला? विंडोज १० चे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ ला इंटेलचं आठव्या जनरेशनपासून पुढचं लागतं, म्हणजे यांची १२ पैकी ९ मशीन बाद. बाद होणाऱ्या मशीनमध्ये एसएसडी टाकणं म्हणजे पाडायच्या बिल्डिंगला रंग काढणं. एकदाच ९ घ्या, ४,०५,००० लागतील, विषय संपला.

कोळीवाडा७: आमच्याकडे एका मशीनची तारीख रोज मागे जायची, बँकेची साईट उघडायची नाही, सगळे म्हणाले मशीन जुनं झालं, बदला. शेवटी एका मुलाने बोर्डवरचा गोल सेल बदलला, ५०-६० रुपयांत काम झालं. तर तुम्ही पण आधी सेल बघा, सगळे बदलायची गरज पडणार नाही.

भांडुपकर: कोळीवाडा, तुमचा सेल खरा, पण ती तारखेची बिमारी, स्लोपणाची नाही.

विलेपार्ले, तुमचा हिशोब बरोबर पण साहेब एका झटक्यात चार लाख देतील का? नाही दिले तर सगळं लेटर फाईलला जाईल आणि जी डिस्क मरायला टेकली आहे ती मरेलच. म्हणून मी क्रम जनरेशनवर नाही, डिस्कच्या तब्येतीवर लावतो. CrystalDiskInfo टाकून प्रत्येक मशीन बघा. त्यात `Current Pending Sector Count` समोर Raw Values च्या रकान्यात शून्य सोडून काही दिसलं, म्हणजे डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत. ती डिस्क टॅलीच्या मशीनची असेल तर आजच बॅकअप. गेल्या पावसाळ्यात मशीद बंदरलाच एका ऑफिसात हेच झालं, आकडा आठवडाभरात ८ वरून २१६ वर गेला, आम्ही शुक्रवारी कॉपी काढली आणि सोमवारी डिस्क उचललीच नाही.

आता तुमचं गणित करतो. चौथ्या जनरेशनच्या पाचांत पैसे घालू नका. सहाव्या आणि आठव्या मिळून ७ मशीनना एसएसडी, १७,५००. बॅकअपची बाहेरची डिस्क ७,००० धरा. पाचांतली डिस्क सर्वात वाईट असलेली दोन आत्ताच बदला, ९०,०००. पहिला टप्पा झाला १,१४,५००. दुसऱ्यात उरलेली तीन, १,३५,०००. तिसऱ्यात सहाव्या जनरेशनची चार, १,८०,०००. एकूण ४,२९,५००.

मशीदबंदर_अकाउंट्स: दादा, आठव्या जनरेशनवाल्या एकावर विंडोज ११ ची चेकिंग केली तर टीपीएम नाही म्हणतंय. मग तेही बाद धरू का?

भांडुपकर: बाद नका करू. `tpm.msc` रन करा, टीपीएम सापडत नाही असंच येईल, पण बहुतेक वेळा ते बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी नावाने मिळेल, चालू करून परत बघा. तीन मशीनचे १,३५,००० फक्त एका सेटिंगने वाचतात. ही तीन वाचली हे लेटरमध्ये लिहाच, साहेबांना कळेल की तुम्ही सरसकट मागत नाही.

विलेपार्ले_११: तुमच्या गणितात एक भोक आहे. तिसऱ्या टप्प्यातली चार आणि दुसऱ्यातली तीन, ही सात मशीन तोपर्यंत अपडेटशिवाय चालणार? कस्टम आणि बँकेच्या साईट त्यांच्यावरच. ऑफिससाठी जादा अपडेट विकत मिळतात पण पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दर वर्षी दुप्पट. सात मशीनचे एका वर्षाचे ४२७ डॉलर कुठे आहेत तुमच्या हिशोबात? ते धरले तर तुमचे टप्पे माझ्या ४,०५,००० पेक्षा अजून महाग होतात. आठव्या जनरेशनच्या तिघांची एसएसडी माझ्या हिशोबात टाकली तरी ४,१२,५०० च.

भांडुपकर: ते सुटलं होतं माझ्याकडून, मान्य. लेटरमध्ये ती ओळ टाकायलाच हवी. माझ्याकडून एवढंच की ज्या मशीनवर फक्त चलन टाईप होतं त्यांचं इंटरनेट काढून ठेवता येतं, मग पैसे सातांचे नाही लागत, तीन-चारांचे लागतात. पण तुमचं कमी-जास्त हे मी खोडत नाही.

परळ_जुनी_चाळ: माझ्या लॅपटॉपला विंडोज ११ घेत नाही, एक जण म्हणतो चेकिंग बायपास करून टाकता येतं. ऑफिसच्या सात मशीनवरपण तेच करा ना, फुकट आहे.

विलेपार्ले_११: घरी चालेल, ऑफिसात नको. सपोर्ट नसलेल्या मशीनला अपडेट येत राहतील याची मायक्रोसॉफ्ट खात्री देत नाही, आणि एखादा मोठा अपडेट अडकला तर कस्टमच्या डेडलाईनला कोणाला बोलावणार?

मेधा_डोंबिवली: मी ऑफिसची अकाउंट्स बघते. सगळे म्हणतात मार्च एन्डला खरेदी करा म्हणजे ४० टक्के घसारा मिळतो, ते अर्धंच खरं आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर २० टक्केच मिळतो. म्हणजे मार्चमध्ये घेतलेल्या दोन मशीनवर, ९०,००० वर, पहिल्या वर्षी १८,००० आणि एप्रिलमध्ये घेतली तर ३६,०००. फक्त एप्रिलचं वर्ष पुढचं धरलं जातं, हा फायदा लगेच हातात नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर किंमत मुळात त्याशिवाय धरायची, ४५,००० मधून तो भाग वजा करा आणि घसारा त्यावरच काढा. साहेबांना हा हिशोब आधी दाखवा. मला वाटतं तुमचं लेटर याच एका परिच्छेदावर पास होईल.

मशीदबंदर_अकाउंट्स: डिस्क बघितल्या. टॅलीच्या मशीनचा तो आकडा ४० आहे, बॅकअप लावलाय, अजून चालू आहे. आठव्याची तिन्ही मशीन पीटीटी चालू केल्यावर ११ ला पास झाली. लेटर बदललं:

"महोदय, आपल्या १२ मशीनपैकी ३ चालू ठेवता येतील, त्यांना फक्त एसएसडी लागेल. ५ वर खर्च करू नये. ४ मशीन एसएसडी टाकून पुढल्या वर्षापर्यंत वापरता येतील, मात्र त्यांच्या अपडेटचा वेगळा खर्च आहे. टॅलीची डिस्क खराब होत आहे, म्हणून ते मशीन या महिन्यात हवं, बाकीची एप्रिलनंतर."

विलेपार्ले दादा, एकदाच ९ घ्यायचा पर्यायही खाली दोन ओळींत लिहिलाय, रक्कम शेजारी. साहेबांना काय पटतं ते बघू. पण एक राहिलं, काढलेल्या जुन्या डिस्क भंगारवाल्याला तशाच द्यायच्या का?

भांडुपकर: तशा अजिबात नको, क्लायंटचे कागद आहेत त्यावर. चालणाऱ्या पूर्ण पुसा, न चालणाऱ्या ड्रिल मारून द्या, आणि देताना ई-वेस्टच्या रजिस्टर्ड रिसायकलरची पावती घ्या.