चार महिने झळकणारी जाहिरात : व्यवस्थापकांना थेट विचारावे का?

प्रश्नकर्ती : बडोद्याच्या मकरपुऱ्यातील एका कारखान्याची गुणवत्ता अभियंत्याची जाहिरात चार महिन्यांपासून दिसते आहे. त्या विभागाच्या व्यवस्थापकांचा ईमेल मला मिळाला आहे. अर्ज अजून केलेला नाही. जागा रिकामी आहे का, असे त्यांनाच विचारावे का?

मांडवीकर : विचारण्याची गरज नाही. पोर्टलवर जाहिरातीची तारीख अलीकडची दिसत असेल, तर जागा रिकामी आहे असे समजावे. भरलेल्या जागेसाठी कोणी पैसे मोजत नाही.

दांडिया बाजार : तारखेवर विसंबू नये, तीच जाहिरात पुन्हा टाकली की तारीख नवी होते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का, हे आधी पाहावे.

मी अनेक वर्षे अशा नेमणुका केल्या आहेत. एकदा मार्चमध्ये आम्ही निवडलेल्या उमेदवाराने ऑफर स्वीकारली, पण त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता. तो रुजू होईपर्यंत जाहिरात आम्ही मुद्दाम चालू ठेवली, कारण जागा एकदा बंद केली की पुन्हा उघडण्यासाठी वरची मंजुरी नव्याने घ्यावी लागे. जूनमध्ये त्याला जुन्या कंपनीने पगार वाढवून दिला आणि तो आलाच नाही. मधल्या काळात ‘जागा आहे का?’ असे विचारणाऱ्यांना मी काय उत्तर देणार होतो? एकाने मात्र ‘सध्या नवे अर्ज पाहत आहात का, नसल्यास पुन्हा केव्हा लिहू?’ असे विचारले आणि आमच्याच प्रकारच्या तपासणीचा आपला अनुभव दोन ओळींत कळवला. जूनमध्ये पहिला फोन त्यालाच गेला.

अलकापुरीकर : मी एचआरमध्ये आहे आणि थेट व्यवस्थापकांना लिहिण्याचा हा सल्ला मला पटत नाही. व्यवस्थापक बोलण्याच्या ओघात ‘या’ म्हणून जातात आणि नंतर नकार आम्हाला कळवावा लागतो. आधी अर्ज करावा, मग जाहिरातीतील क्रमांक देऊन आम्हाला विचारावे.

रावपुरा : मला तर मुलाखतीनंतर तीनदा विचारूनही उत्तर मिळाले नाही. विचारून काही उपयोग होत नाही.

प्रश्नकर्ती : माझी मुलाखत झालेली नाही, मी अर्जाच्याही अलीकडे उभी आहे.

दांडिया बाजार : अर्ज आधी करावा, हे अलकापुरीकरांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण अर्ज नोंदवलेला नसेल तर व्यवस्थापकांना इच्छा असूनही नाव पुढे सरकवता येत नाही. परंतु एचआरला जागा ‘चालू’ एवढेच दिसते. निवडलेला माणूस डळमळतो आहे, हे विभागाला आधी कळते.

अलकापुरीकर : आमच्याकडे तरी ते आम्हालाच आधी कळते.

प्रश्नकर्ती : कंपनीच्या संकेतस्थळावर पाहिले. जागा आहे, पण तिथे ठिकाण हालोल दिले आहे. अर्ज आज करते. व्यवस्थापकांना लिहिताना आधी ठिकाणाचेच विचारावे लागेल.