मदत हवी आहे: उरलेलं मानधन मागायचं पत्र, कराराचं कलम नेमकं कसं घालू?

एकपात्री_मी
मी एकपात्री प्रयोग करते. 8 नोव्हेंबरला प्रयोग झाला. दोन पानी करार आहे, दोघांच्या सह्या आहेत. 40 टक्के आगाऊ मिळाले, 60 टक्के अजून येणं आहे. फोन केला की एकच उत्तर, "प्रायोजकाचे पैसे आले की लगेच." परवा नवीनच ऐकलं, "तुम्ही दीड तासाऐवजी 65 मिनिटंच केलंत, थोडं कमी करून देतो." अहो, माईकच अर्धा तास उशिरा सुरू झाला, आणि सभागृह वेळेवर रिकामं करायचं होतं!

आता पत्र लिहायला बसले आहे. सुरुवात अशी केली: "आपल्या करारानुसार मला माझे पैसे वेळेवर मिळायला हवे होते, परंतु आपण वारंवार दिलेला शब्द पाळला नाही आणि एका कलावंताचा अपमान केला..." पुढे अडले.

चिडका_बिब्बा
अपमान वगैरे खोडा. सरळ लिहा, महिना 2 टक्के व्याज लावतो आणि आठ दिवसांत पोलिसांत जातो. बघा कसे धावत येतात.

बासनातला_तबला
माझंही असंच झालं होतं. कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द केला आणि आगाऊ रक्कम परत मागत होते! तुम्ही रद्द होण्याचं कलम दाखवा.

एकपात्री_मी
पण माझा प्रयोग झाला हो. रद्द नाही झाला.

जुना_व्यवस्थापक
ताई, आधी मानधनाचं कलम जसंच्या तसं इथे टाका. तुमच्या शब्दांत नको. बिल कधी आणि कशावर पाठवलंत तेही सांगा.

एकपात्री_मी
कलम 4: "उर्वरित 60 टक्के रक्कम कार्यक्रमानंतर, कलाकाराचे बिल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत देण्यात येईल." कलम 7: "ध्वनिव्यवस्था कार्यक्रमाच्या किमान 2 तास आधी तयार ठेवण्याची जबाबदारी आयोजकाची राहील." शेवटी कलम 11 आहे, सगळा पत्रव्यवहार ईमेलवर. बिल मी 20 नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलं. त्यांचं उत्तर होतं, "मिळालं, बघतो."

जुना_व्यवस्थापक
गोम इथेच आहे. मुदत प्रयोगाच्या तारखेपासून नाही, बिल मिळाल्यापासून मोजायची. 20 नोव्हेंबर धरलं तर 5 डिसेंबरला संपली. पण उद्या ते म्हणतील, बिल ईमेलवर आलंच नाही, मग मुदत सुरूच कुठे झाली? म्हणून पत्र ईमेलनेच पाठवा, बिल पुन्हा जोडा, आणि त्या "मिळालं, बघतो"चा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉटही जोडा. म्हणजे एक बाजू ढासळली तरी दुसरी उभी राहते.

प्रायोजकाचा मुद्दा एका वाक्यात संपवा. कलम 4 मध्ये प्रायोजकाचं नावही नाही. असतं तर गोष्ट वेगळी होती.

व्याजाबद्दल, करारात दर नसेल तर आकडा मनाने टाकू नका. "व्याज मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे" एवढं पुरे. पोलिसांचं तर नकोच. हा देण्याघेण्याचा वाद आहे. पैशासाठी फौजदारीचा धाक दाखवला तर ते पत्र तुमच्यावरच उलटू शकतं.

चिडका_बिब्बा
बरं, पोलिसांचं मागे घेतो. व्याजाचं मात्र पटत नाही.

मांडववाला
मी आयोजकाच्या बाजूचा माणूस, शिव्या देऊ नका. दीड तास ठरलेला असताना 65 मिनिटं झाली तर मीही कापून मागितलं असतं. माईक उशिरा आला हे कुठे नोंदलंय का?

एकपात्री_मी
ध्वनिवाल्याला 5:50 ला मेसेज केला होता, "अजून माईक नाही." प्रयोग 6 चा. तो सुरू झाला साडेसहाला.

जुना_व्यवस्थापक
मेसेज जोडा. कलम 7 अगदी याच ठिकाणी लागतं. पण 65 मिनिटं लपवू नका, स्वतःच आधी सांगा. आणि कमी रक्कम "हिशेब पूर्ण" असं लिहून आली तर गप्प बसू नका, "अंशतः मिळाली, बाकी येणे आहे" असं त्याच दिवशी कळवा.

एकपात्री_मी
नवा मसुदा:

"8 नोव्हेंबरचा प्रयोग पार पडला. कराराच्या कलम 4 मध्ये म्हटले आहे: 'उर्वरित 60 टक्के रक्कम कार्यक्रमानंतर, कलाकाराचे बिल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत देण्यात येईल.' बिल मिळाल्याचे आपण 20 नोव्हेंबरला कळवले, त्यानुसार मुदत 5 डिसेंबरला संपली. बिल पुन्हा जोडले आहे. प्रयोग 65 मिनिटांचा झाला, कारण कलम 7 नुसार 2 तास आधी तयार असायची ध्वनिव्यवस्था साडेसहाला सुरू झाली. प्रायोजकाकडून पैसे येण्याची अट करारात नाही. उर्वरित संपूर्ण रक्कम 22 जानेवारीपर्यंत जमा करावी. व्याज मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे."

मांडववाला
हे वाचून मी तरी पैसे दिले असते. पण 25 मिनिटं गेलीच ना, उशीर अर्ध्या तासाचा होता म्हणून सगळी सूट तुम्हालाच?

जुना_व्यवस्थापक
वेळ कमी झाल्यास मानधन कापण्याचं कलम करारात आहे का, ते बघा ताई.

एकपात्री_मी
नाही. दीड तास हा शब्द फक्त पहिल्या पानावर, "अंदाजे" असा आहे.