राजीनामा दिला त्याच दिवशी ॲक्सेस बंद, की शेवटच्या दिवशी?

कोथरूडचा_कारकून

आमची चौदा जणांची कंपनी. सगळ्यात जुन्या डेव्हलपरने काल राजीनामा टाकला, नोटीस दोन महिन्यांची. सर्व्हर, गिटहब, डिप्लॉयमेंट सगळं त्यानेच उभं केलंय. दोन रेपो तर अजून त्याच्या स्वतःच्या खात्यावर आहेत. सर म्हणतात, आजच सगळं बंद करा. टीम म्हणते, भांडण नसताना असं वागलात तर तो हँडओव्हर कशाला देईल? तुम्ही काय केलं असतं?

नाशिकचा_नोड

सर बरोबर आहेत. सिस्कोचं 2018 चं प्रकरण वाचा. नोकरी सोडलेल्या इंजिनिअरने त्यांच्या क्लाउडमध्ये शिरून 456 व्हर्च्युअल मशिन उडवली. वेबेक्स टीम्सची सोळा हजारांहून जास्त खाती बंद पडली, काही दोन आठवड्यांपर्यंत. निस्तरायला आणि ग्राहकांचे पैसे परत करायला मिळून 24 लाख डॉलरच्या घरात खर्च आला. सिस्कोचं हे होतं तर चौदा जणांच्या कंपनीने दोन महिने भरवशावर काढायचे? ऑर्गनायझेशनमधून नाव काढा, मेल बंद करा, लॅपटॉप ठेवून घ्या. दहा मिनिटांत विषय संपतो.

अनघा_रात्रपाळी

नोड, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. त्या माणसाने नोकरी सोडली एप्रिलमध्ये, मशिन उडवली सप्टेंबरच्या शेवटी. घात नोटीसच्या काळात झाला नाही. सगळ्यांनी "गेला" असं समजल्यानंतर पाच महिन्यांनी झाला, कारण आत जायचा रस्ता उरला होता. तारीख कुठलीही धरा, रस्ता उरणार असेल तर काय उपयोग?

आणि ऑर्गनायझेशनमधून नाव काढल्याने विषय संपत नाही. त्याने काढलेली टोकन ऑर्गच्या खाजगी रेपोंसाठी निकामी होतात, हे खरं. पण डिप्लॉय की ही माणसाला नाही, रेपोला बांधलेली असते. ती ज्याने टाकली तो गेला तरी की चालूच राहते. तिला लिहायची परवानगी असेल आणि खाजगी भाग त्याच्या जुन्या लॅपटॉपवर असेल, तर ऑर्गच्या सदस्यांत नाव नसूनही तो पुश करू शकतो. कारकून, आज कुणालाही न काढता प्रत्येक रेपोवर एवढंच चालवा:

```
gh api repos/ORG/REPO/keys --jq '.[] | [.id, .title, .added_by, .read_only, .last_used] | @tsv'
```

कुणी टाकली, फक्त वाचायची आहे का, शेवटची कधी वापरली, सगळं दिसेल. शीर्षकावर विश्वास ठेवू नका, ते कुणीही काहीही लिहितं.

दुसरी बाजू याच्या उलट. काही गोष्टी माणसाला बांधलेल्या असतात, पण त्यावर कंपनी चालत असते. सीआयमध्ये त्याचं वैयक्तिक टोकन असेल तर नाव काढल्याक्षणी डिप्लॉयमेंट बंद. त्याहून वाईट म्हणजे वेळापत्रकावर चालणारी वर्कफ्लो. क्रॉनची ओळ शेवटी ज्याने बदलली तो ऑर्गमधून निघाला की गिटहब ती वर्कफ्लो बंद करतं. मग रात्रीचा बॅकअप होत नाही, आणि जे चाललंच नाही त्याच्या अपयशाची मेल कोण पाठवणार? लिहायचा हक्क असलेल्या दुसऱ्या कुणीतरी ती क्रॉनची ओळ बदलून कमिट केली की पुन्हा सुरू होतं.

सुटी_मंजूर_नाही

माझं ऐका. मी नोकरी सोडून वर्ष झालं, आधीच्या कंपनीचे सर्व्हर अलर्ट अजून रात्री माझ्या फोनवर येतात. दोनदा कळवलं, उत्तर नाही. आणि रिलिव्हिंग लेटर मात्र "लॅपटॉपची पिशवी जमा केली नाही" म्हणून तीन आठवडे अडवून ठेवलं होतं! पत्र अडवता येतं का कायद्याने? कुणाला माहीत असेल तर सांगा.

मनुष्यबळ_मंगल

सुटी, तुमच्या पत्राचा वेगळा धागा काढा, तिथे सांगते. इथल्या प्रश्नाबद्दल बोलायचं तर राजीनामा हा गुन्हा नव्हे. ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी लॅपटॉप काढून घेतला, की उरलेले सगळे बघत असतात आणि पुढचा माणूस आधी सगळं घरी कॉपी करतो, मग राजीनामा टाकतो. हे मी होताना पाहिलंय. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, त्याच्यासमोर, यादी वाचून बंद करा. त्यालाही बरं वाटतं, उद्या काही झालं तर आळ त्याच्यावर येत नाही.

नाशिकचा_नोड

अनघाताई, डिप्लॉय कीचं मान्य, ते मला ठाऊक नव्हतं. पण मंगलताई, "बरं वाटतं" याने डेटाबेस वाचत नाही. नोटीसवरच्या माणसाच्या हातात दोन महिने प्रॉडक्शनचा रूट? ओहायोतलं ते प्रकरण आठवा. डेव्हलपरने सर्व्हरवर कोड पेरून ठेवला होता, तो कंपनीच्या डिरेक्टरीत स्वतःचं खातं चालू आहे का एवढंच बघायचा. 2019 मध्ये त्याला काढलं, खातं बंद झालं आणि हजारो लोकांना सिस्टिममध्ये शिरता येईना.

अनघा_रात्रपाळी

पुन्हा तेच, नोड! तिथे खातं बंद करणं हाच घोडा दाबणं होतं. त्याच दिवशी बंद करून कंपनी वाचली नाही, उलट तेव्हाच पडली. आधी कुणीतरी क्रॉन आणि सर्व्हिस वाचायला हव्या होत्या.

तरी तुमचा अर्धा मुद्दा मला पटतो. प्रॉडक्शनवर लिहायचा हक्क पहिल्या आठवड्यात काढा, वाचायचा राहू द्या. गिटहबचे ॲडमिन हक्क रेपो हलवून होईपर्यंत ठेवा, मग उतरवा. नोटीसचा खरा उपयोग सरावासाठी आहे. माणूस शेजारच्या खुर्चीत असताना त्याच्या एकेक किल्ल्या बंद करायच्या आणि काय ओरडतं ते बघायचं. ओरडलं की विचारायला तो तिथेच असतो. ॲमेझॉनच्या की आधी नुसत्या निष्क्रिय करा, पुसू नका:

```
aws iam get-access-key-last-used --access-key-id AKIA...
aws iam update-access-key --user-name NAME --access-key-id AKIA... --status Inactive
```

काही मोडलं तर `Active` करून परत चालू करता येते. पुसलेली परत येत नाही. आणि कन्सोलचा पासवर्ड काढल्याने या की बंद होत नाहीत, यात भलेभले फसतात.

सर्व्हरवर तुमच्याकडे सगळ्यांचा मिळून एकच `deploy` युजर असणार, छोट्या कंपनीत असतोच. तिथे `authorized_keys` मध्ये कीच्या शेवटी लिहिलेलं नाव ही नुसती टीप आहे, पुरावा नाही. ठसे काढा आणि लॉगशी जुळवा:

```
ssh-keygen -lf /home/deploy/.ssh/authorized_keys
zgrep 'Accepted publickey for deploy' /var/log/auth.log*
```

लॉगच्या ओळीच्या शेवटी `SHA256:` ने सुरू होणारा तोच ठसा असतो. मर्यादा एवढीच, की उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये हा लॉग चारेक आठवडेच मागे जातो. तिमाहीला एकदा चालणारं जीएसटीचं काम त्यात दिसणार नाही. म्हणून "कुणी वापरत नाही" असं ठरवण्याआधी त्यालाच विचारा.

त्याचा स्वतःचा वेगळा युजर असेल तर नुसतं `usermod -L` पुरत नाही. त्याने फक्त पासवर्ड अडतो, एसएसएच कीने माणूस आत येतो. `usermod -L -e 1` करा. आणि ज्याचं सेशन उघडं आहे त्याला की पुसल्याने काही फरक पडत नाही, ते वेगळं तोडावं लागतं.

फ्रीलान्स_फोंडा

सगळे किल्ल्यांवर बोलताय. ते दोन रेपो त्याच्या खात्यावर आहेत म्हणजे ते त्याचे नाहीत कशावरून? त्याने रविवारी घरी बसून लिहिलेली लायब्ररी असेल तर? माझ्याकडूनही एका क्लायंटने असंच "ट्रान्सफर कर" म्हणून रेपो मागितला होता. मी दिला नाही.

अनघा_रात्रपाळी

फोंडा, तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही नोकर नव्हता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्याची पहिली मालकी मालकाची, वेगळा करार नसेल तर. बाहेरून काम घेणाऱ्याची गोष्ट तशी नाही, तिथे करारात हक्क लिहून द्यावे लागतात.

पण रविवारच्या लायब्ररीचं उत्तर माझ्याकडेही नाही. वकिलाला करारपत्र दाखवावं. तांत्रिक बाजू मात्र सरांना आजच सांगा. वैयक्तिक खात्यावरून ऑर्गमध्ये रेपो हलवायला हलवणाऱ्याला त्या ऑर्गमध्ये रेपो तयार करायचा हक्क लागतो. आज त्याला काढलंत तर तो रेपो थेट देऊच शकणार नाही, इच्छा असली तरी. इश्यू, पुल रिक्वेस्ट, विकी सगळं सोबत येतं आणि जुना पत्ता नव्याकडे वळतो. त्याने पुढे त्याच नावाचा नवा रेपो काढला तर तो वळसा तुटतो, म्हणून सर्व्हरवरचे रिमोट बदलून घ्या. आणि रेपोसोबत त्याच्या डिप्लॉय की, वेबहुक, सिक्रेटही तसेच येतात. त्यामुळे वरची तपासणी हलवल्यानंतर पुन्हा करायची. हलवल्यावर जुना मालक कोलॅबोरेटर म्हणून यादीत उरतो, तिथेही बघा.

फ्रीलान्स_फोंडा

कायदा ठीक. पण "आधी रेपो दे, मग रिलिव्हिंग" असं करू नका एवढंच. तिथे नोकराची बाजू नेहमी दुबळी असते.

नाशिकचा_नोड

आणि `.env` मधल्या गोष्टी? त्याच्याकडे क्लोन आहे, पासवर्ड डोक्यात आहेत. सगळं बदलायचं?

अनघा_रात्रपाळी

जे त्याने पाहिलंय ते सगळं, गिटच्या इतिहासात कधीकाळी गेलेलं धरून. फाइल नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये असते. डेटाबेसचा पासवर्ड थेट बदलू नका, कुठलं विसरलेलं स्क्रिप्ट पडेल सांगता येत नाही. नवा युजर काढा, ॲप त्यावर न्या, मग जुन्या नावाने कोण येतंय ते पोस्टग्रेसमध्ये बघत राहा:

```
SELECT client_addr, application_name FROM pg_stat_activity WHERE usename = 'app_old';
```

ही फक्त त्या क्षणीची जोडणी दाखवते, म्हणून आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बघा. कुणीच येत नाही असं दिसलं की जुन्या युजरचं लॉगिन काढा.

कोथरूडचा_कारकून

तुमची पहिली कमांड चालवली. एका रेपोवर तीन डिप्लॉय की निघाल्या. एकीचं शीर्षक `laptop-old`, लिहायची परवानगी आहे, शेवटचा वापर कालचा. सर लगेच म्हणाले, बघा, चोर सापडला. मी त्यालाच बोलावून विचारलं. ती की लॅपटॉप बदलताना त्याने स्टेजिंग सर्व्हरवर कॉपी केली होती, सर्व्हर तीच वापरून रोज पुल करतो. `ssh-keygen -lf` ने ठसा काढून ताडला, तो जुळला. आता स्टेजिंगला नवी, फक्त वाचायची की देतोय, मग जुनी उडवतो.

दुसऱ्या रेपोवर तो म्हणतो, त्यातली अर्धी लायब्ररी नोकरीच्या आधीची आहे. कमिटच्या तारखा बघितल्या, खरंच पहिल्या साठेक कमिट तो लागायच्या आधीच्या आहेत. सर म्हणतात, सगळा रेपो आपला. यात काय करावं?

मनुष्यबळ_मंगल

त्याच्या ऑफर लेटरमध्ये आधीच्या कामाची यादी जोडायचं परिशिष्ट होतं का ते आधी बघा.

नाशिकचा_नोड

आणि तोवर प्रॉडक्शनचा रूट काढलात का?