शाखांची तेरीज जुळली, तरी रात्रीचे एकत्रीकरण कशासाठी?

प्रश्न: आमच्या नागरी सहकारी बँकेच्या प्रत्येक शाखेची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज, संध्याकाळीच जुळते. मग मुख्य कार्यालयात रोज रात्री सर्व शाखांच्या तेरजा एकत्र करून पुन्हा बेरजा कशाला? शनिवारी एकदा पाहिले तर पुरे नाही का?

निवृत्त हिशेब अधिकारी: शेजारच्या शाखेने आपल्याविषयी काय लिहिले, हे शाखेच्या तेरजेत दिसतच नाही. आमच्याकडे कराड शाखेने ग्राहकाच्या खात्यात 48,500 रुपये नावे टाकून ती रक्कम शाखांमधील आपसातल्या देण्याघेण्यासाठी असलेल्या शाखा समायोजन खात्यात जमा केली, पण साताऱ्याने त्याच सूचनेवरून 45,800 रुपये समायोजन खात्यात नावे टाकून ते तिथल्या ग्राहकाला जमा दिले. दोन्ही शाखांची तेरीज जुळली होती आणि एकत्रित तेरीजही जुळली. फक्त जे समायोजन खाते एकत्रीकरणानंतर शून्यावर यायला हवे, त्यात 2,700 रुपयांची जमा शिल्लक उरली. फरकाला नऊने भाग जात असल्यामुळे आम्ही आधी अंकांची अदलाबदल शोधली आणि अर्ध्या तासात चूक सापडली. शनिवारपर्यंत थांबलो असतो, तर सहा दिवसांचे फरक एकाच शिल्लकेत मिसळले असते आणि नऊचा हा धागाही हाती लागला नसता. शिवाय साताऱ्याच्या ग्राहकाला तोवर 2,700 रुपये कमीच मिळालेले असते.

संगणक विभाग: कोअर बँकिंगमध्ये दोन्ही शाखांच्या नोंदी एकाच व्यवहारात पडतात, त्यामुळे असा फरक येणे शक्यच नाही. त्यासाठी माणसे थांबवून ठेवणे मला पटत नाही.

निवृत्त हिशेब अधिकारी: ग्राहकांच्या थेट हस्तांतरणापुरते आपले म्हणणे खरे आहे. मात्र मुख्य कार्यालय व्हाउचर करून शाखेचा खर्च समायोजन खात्यात नावे टाकते आणि शाखेने त्याची उलट नोंद नंतर स्वतः करायची असते, तिथे दोन नोंदी वेगवेगळ्या हातांनी, कधी वेगवेगळ्या तारखांनाही होतात. शिल्लक शून्य आली म्हणूनही निश्चिंत राहू नये. एका शाखेची 10,000 ची नावे नोंद आणि दुसऱ्या शाखेची 10,000 ची असंबद्ध जमा नोंद एकमेकींना झाकून टाकतात; म्हणून प्रत्येक नोंदीची जोडी सूचना क्रमांकाने लावावी लागते.

शाखेतील रोखपाल: आमच्याकडे परवा रोकड 500 रुपयांनी कमी भरली आणि रात्री नऊपर्यंत बसावे लागले. तेही मुख्य कार्यालयाने पाहावे.

निवृत्त हिशेब अधिकारी: ती तूट तिजोरीतील रोकड आणि रोकड खात्याची शिल्लक यांतली आहे. ती शाखेतच मोजून शोधावी लागेल, एकत्रीकरणात ती दिसणार नाही.

संगणक विभाग: हाताने केलेल्या व्हाउचरचा मुद्दा मान्य. तरी जोड्या लावण्याचे काम डे-एन्डनंतर, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद केल्यावर, प्रणालीने करावे आणि न जुळलेल्या नोंदींची यादी सकाळी शाखा उघडण्यापूर्वी पाहावी, असे माझे मत आहे.

निवृत्त हिशेब अधिकारी: सकाळी त्या यादीवर बसायला शाखेत कोणाला वेळ असतो, ही माझी शंका कायम आहे.