मदत हवी आहे: तीन वर्षांत ८ लाख भरले, मुद्दल उतरलं फक्त दीड लाख?

संत्राबर्फी
बेसाला फ्लॅट घेऊन तीन वर्षं झाली. कर्ज २५ लाख, मुदत २० वर्षं, हप्ता २२,४९३. पहिली तीन वर्षं दर ९ टक्के पक्का, पुढे फ्लोटिंग. परवा स्टेटमेंट काढलं. ३६ हप्त्यांचे ८ लाख १० हजार गेलेत आणि बाकी अजून २३ लाख ४६ हजार! बँकेतला मुलगा म्हणे, "मॅडम, रिड्युसिंग बॅलन्स आहे," आणि पुढच्या टोकनकडे वळला. रिड्युसिंग आहे तर कमी काहून होत नाही? भिशीचे २ लाख येणार आहेत. कर्जात भरू का?

महालचा_मुन्ना
ताई, बँका आधी सगळं व्याज काढून घेतात, मुद्दल मागून. भरायचं तर आताच भरा. अर्धी मुदत गेली की काही फायदा नाही, व्याज तोवर वसूल झालेलं असतं.

जुना_हिशोबनीस
मुन्नाभाऊ, लवकर भरावं हे बरोबर, कारण मात्र चुकलं. पुढचं व्याज बँक आगाऊ घेत नाही. त्या महिन्याला जेवढी बाकी, तेवढ्याच बाकीवर त्या महिन्याचं व्याज. २५ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचे १८,७५० होतात. ताईंच्या पहिल्या हप्त्यातून ते वजा केले की उरतात ३,७४३. मुद्दलात गेले तेवढेच.

हेच कर्ज १० वर्षांचं असतं तर हप्ता ३१,६६९ बसला असता. पहिल्या महिन्याचं व्याज तेच, १८,७५०, पण मुद्दलात जवळपास १३ हजार गेले असते. व्याज दोन्हीकडे सारखं आहे. २० वर्षांचा हप्ताच इतका लहान ठरवलाय की व्याज भागवून हाती फारसं उरत नाही.

मुद्दल थोडं उतरलं की पुढच्या महिन्याचं व्याज थोडं कमी, म्हणून मुद्दलाचा वाटा थोडा जास्त. ३७व्या हप्त्यात तो ४,८९८ होईल. व्याजापेक्षा मुद्दल जास्त जायला मात्र १४९वा हप्ता उजाडेल, म्हणजे सव्वाबारा वर्षं उलटून गेलेली असतील.

सीताबर्डी_एक्सप्रेस
माझ्या गाडीच्या कर्जात असली भानगडच नाही. १ लाख, ३ वर्षं, १० टक्के. वर्षाचे १० हजार व्याज, हप्ता ३,६११, पहिल्यापासून शेवटपर्यंत हिशोब सरळ. ताईंनी तसंच घ्यायला हवं होतं.

जुना_हिशोबनीस
भाऊ, तो फ्लॅट रेट आहे. शेवटच्या वर्षी तुमच्याकडे जेमतेम तिसरा हिस्सा उरलेला असतो, तरी व्याज पूर्ण लाखावर लागतं. घटत्या बाकीच्या हिशोबाने तुमचा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. ताईंचा ९ त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

सीताबर्डी_एक्सप्रेस
१८?? शोरूमवाल्याने तर १० लिहून दिले होते ना बाप्पा.

संत्राबर्फी
काका, आता डोक्यात शिरलं. मग २ लाख भरले तर हप्ता किती कमी होईल?

जुना_हिशोबनीस
हप्ता कमी करूच नका. दर ९ च राहील असं धरतो. आज २ लाख भरून हप्ता तोच ठेवलात, तर २०४ ऐवजी १६९ हप्त्यांत कर्ज संपतं, शेवटचा हप्ता छोटा. वाचलेलं व्याज ६ लाखांच्या घरात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केलात तर तो २०,५७५ च्या आसपास येईल, पण वाचतील १ लाख ९० हजारच. अर्जावर "मुदत कमी करा" असं स्वच्छ लिहा आणि पोच घ्या. पुढच्या स्टेटमेंटमध्ये हप्ता तोच आणि उरलेले हप्ते कमी दिसले पाहिजेत. उलटं दिसलं तर लगेच शाखेत जा.

महालचा_मुन्ना
मग अर्ध्या मुदतीनंतरही फायदा होतो म्हणता?

जुना_हिशोबनीस
होतो, पण कमी. उद्या कर्ज बंद करायला गेलात तर बँक बाकी मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज मागते, पुढच्या वर्षांचं मागत नाही. उशिरा भरलेला रुपया उरलेले थोडेच महिने व्याज वाचवतो, एवढाच फरक. ताई, एक बघा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. तुमचा पक्का दर खरंच संपला का?

संत्राबर्फी
पत्र काढलं. पक्क्या दराच्या काळात भरलं तर २ टक्के आकार, असं लिहिलंय. तीन वर्षं पहिल्या हप्त्यापासून मोजायची की कर्ज उचलल्यापासून, ते कुठेच नाही. सोमवारी शाखेत जाऊन लेखीच मागते. यांचं म्हणणं वेगळंच, २ लाख एफडीत टाकू, अडीनडीला कामी येतील.

जुना_हिशोबनीस
हाताशी सहा महिन्यांचा खर्च नसेल तर यांचंही चुकत नाही. कर्जात गेलेले पैसे परत मागता येत नाहीत.