मदत हवी आहे: 110 च्या पाइपाला 1:80 उतार पुरेल का?

म्हापशाजवळच्या जुन्या घराची मैल्याची लाइन बदलतोय. संडास ते सेप्टिक टँक सरळ 12 मीटर, पाइप 110 मिमी पीव्हीसी. लेव्हल ट्यूबने मोजलं तर उतार जेमतेम 15 सेंमी मिळतो, म्हणजे 1:80. 1:60 साठी 20 सेंमी हवेत. टँक खाली नेता येत नाही, पावसात तिथे पाणी वर येतं. संडासही उचलता येणार नाही. जुना पाइप मधोमध खचून घाण साचायची, म्हणून आता खाली काँक्रीट घालतोय.

प्लंबर 160 चा पाइप सुचवतो. पण फ्लशचं 6 लिटर पाणी त्यात पसरून उथळच होणार, मैला मागे राहणार ना? त्यापेक्षा न्हाणीचं पाणी वरच्या टोकाला जोडून 110 च ठेवला, तर 1:80 वर चालेल का?