हर्नियाचा क्लेम 'आधीपासूनचा आजार' म्हणून नाकारला, अपिलाचं पत्र कसं लिहू?

सुमेधा_नाशिक
नमस्कार मंडळी. बाबांचं (वय 57) उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन 18 फेब्रुवारी 2025 ला झालं. दुर्बिणीतून जाळी बसवली. बिल 1,22,400 झालं, ते आम्ही भरलं आणि मग क्लेम टाकला. पॉलिसी 9 जुलै 2022 पासून आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. आता कंपनीचं पत्र आलंय की आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे आणि 36 महिन्यांचा प्रतीक्षा काळ संपलेला नाही, म्हणून क्लेम नामंजूर. डिस्चार्ज कार्डावर 'तीन वर्षांपासून सूज' असं टाइप केलंय, त्याचाच हवाला दिलाय. बाबांची पिठाची गिरणी आहे, पोती उचलायचं काम रोजचंच. गाठ दिसली ती दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. तीन वर्षं कुठून आली कळत नाही. पत्र कसं लिहू?

रानवारा
ताई, हर्नियाला 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो, आमच्या पॉलिसीत अगदी तसंच छापलंय. तुमचे 31 महिने झालेत. म्हणजे ते नाकारूच शकत नाहीत. एवढी एक ओळ लिहा, पैसे द्यावेच लागतील.

कागदपत्रे_आधी
रानवारा, तुमचं अर्धंच बरोबर आहे. 24 महिन्यांचं कलम ठरावीक आजारांच्या यादीसाठी असतं, आजार नवा असला तरी लागू होतं. ते सुमेधाताईंनी पार केलंय. कंपनीने लावलंय ते दुसरं कलम, पूर्वीपासूनच्या आजाराचं, आणि त्याचे 36 महिने जुलै 2025 ला संपतील. पत्रात फक्त 24 महिन्यांचं लिहिलं तर कंपनी म्हणेल, आम्ही ते कारण दिलंच नव्हतं.

सुमेधाताई, मी अकरा वर्षं क्लेमच्या फाइली तपासल्यात. पत्र लिहायच्या आधी दोन गोष्टी करा. पॉलिसीच्या पुस्तिकेतली 'पूर्वीपासूनचा आजार' याची व्याख्या शब्दशः वाचा. पूर्वी त्यात नुसती लक्षणंही धरली जायची. आता साधारणपणे असं असतं की पॉलिसीआधीच्या ठरावीक महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेलं असावं, किंवा डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिलेला असावा. नुसती सूज असणं आणि ती डॉक्टरांनी पाहिलेली असणं यातच तुमचा सगळा क्लेम आहे.

दुसरं, हॉस्पिटलकडे लेखी अर्ज देऊन दाखल असतानाच्या पूर्ण केसपेपरची प्रत मागा. डिस्चार्ज कार्ड शेवटी टाइप होतं. रुग्णाची हकीकत पहिल्या दिवशी हाताने लिहिलेली असते.

विद्या_के
माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूला कॅशलेस नाकारलं होतं, हॉस्पिटलच्या माणसाने दुसऱ्या दिवशी परत पाठवलं आणि मंजूर झालं. तुम्हीही हॉस्पिटलातल्या क्लेम हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीवर जाऊन परत पाठवायला सांगा ना.

कागदपत्रे_आधी
विद्याताई, तो दाखल असतानाचा प्रकार होता. इथे बिल भरून झालंय आणि लेखी नकार आलाय. आता खिडकीवर काही होणार नाही.

सुमेधा_नाशिक
केसपेपर मिळाले, चार दिवस फेऱ्या मारल्या. पहिल्याच पानावर निळ्या शाईत सूज, उजवी जांघ, आणि पुढे 3/12 असं लिहिलंय. ही तारीख आहे का? बाबा 17 फेब्रुवारीला दाखल झाले होते.

शल्यविशारद_सातारा
तारीख नाही. आम्ही लोक कालावधी असा लिहितो: 3/7 म्हणजे तीन दिवस, 3/52 म्हणजे तीन आठवडे, 3/12 म्हणजे तीन महिने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हिशोब जुळतो. टाइप करणाऱ्याने तिनाचा आकडा घेतला आणि वर्षं लावली असणार. सर्जनकडून लेटरहेडवर खुलासा घ्या: मूळ नोंद तीन महिन्यांची आहे, डिस्चार्ज कार्डावर चूक झाली आहे. जुन्या कार्डावर खाडाखोड करून घेऊ नका, कंपनीकडे त्याची प्रत आहे.

आणखी एक. 'हर्निया पॉलिसीआधी नव्हताच' असं सर्जनकडून लिहून मागू नका. पोटाच्या भिंतीतली कमजोरी कधी सुरू झाली हे ऑपरेशन करतानाही वर्षं मोजून सांगता येत नाही. प्रामाणिक डॉक्टर तसं लिहिणार नाही, आणि लिहिलं तर कंपनीचा डॉक्टर तेच वाक्य पकडेल.

कागदपत्रे_आधी
हेच हवं होतं. आता पत्र एका पानाचं ठेवा. वर पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नकारपत्राची तारीख. मग साधारण असं:

'आपण पॉलिसीतील कलम क्रमांक अमुकखाली दावा नाकारला आहे. या कलमातील व्याख्येनुसार 9 जुलै 2022 पूर्वी डॉक्टरांचे निदान, सल्ला किंवा उपचार असणे आवश्यक आहे. असा एकही कागद आपल्या पत्रात नमूद नाही. आपण आधार घेतलेली "तीन वर्षे" ही नोंद टंकलेखनातील चूक आहे. मूळ केसपेपरचे पान आणि सर्जनचा खुलासा सोबत जोडला आहे. हर्नियासाठीचा 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळही पूर्ण झाला आहे. दावा मंजूर करावा, अन्यथा पॉलिसीआधीच्या निदानाचा किंवा उपचाराचा पुरावा द्यावा.'

शेवटी एक ओळ घाला की हा नकार क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीने दिला आहे का ते कळवावे. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार अशा मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. बाबा किती कष्ट करतात, किती वर्षं हप्ते भरले, हे लिहू नका. मला कळतं ते लिहावंसं वाटतं, पण फाइल तपासणारा कलम आणि कागद एवढंच बघतो. पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे ईमेलने पाठवा, शिवाय स्पीड पोस्टनेही, आणि पावती जपा.

सुमेधा_नाशिक
मनापासून आभार. एक गोष्ट आधी सांगायची राहिली. क्लेम टाकल्यावर कंपनीचा तपासणी करणारा माणूस गिरणीत आला होता. बाबांशी मराठीत बोलला आणि इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर सही घेऊन गेला. बाबा म्हणतात, 'पोतं उचलताना दोन-तीन वर्षं कंबरेत भरून येतं' असं मी बोललो होतो. त्याने काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही. बाबा कुठल्या डॉक्टरकडे गेले नव्हते, गिरणीशेजारच्या मेडिकलमधून मलम आणायचे.

रानवारा
मग सही आपली नाहीच म्हणा.

कागदपत्रे_आधी
असं अजिबात करू नका. सही खरी आहे, ती नाकारली तर बाकीच्या खऱ्या कागदांवरही शंका येईल. पत्रात त्या जबाबाची प्रत मागा आणि लिहा की मजकूर बाबांना मराठीत वाचून दाखवला नव्हता. कंबर भरणं म्हणजे जांघेतली गाठ नव्हे, आणि मेडिकलमधलं मलम हा डॉक्टरांचा सल्ला नव्हे. पण त्याने कागदावर 'सूज' लिहिलं असेल तर मामला अवघड होईल, ते कंपनी कसं वाचेल हे मी आज सांगू शकत नाही.

उत्तर नकाराचं आलं किंवा महिनाभरात आलंच नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील चालत नाही, घरचं माणूस बोलू शकतं. शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

शल्यविशारद_सातारा
सर्जनच्या खुलाशात आणखी एक वाक्य मागता येईल: रुग्णाने यापूर्वी या तक्रारीसाठी उपचार घेतल्याची नोंद आमच्या केसपेपरमध्ये नाही. हे त्यांना खरेपणाने लिहिता येतं.

सुमेधा_नाशिक
सर्जन सोमवारी भेटणार आहेत. जबाबाची प्रत मागण्याचा ईमेल आजच पाठवला, बाबांच्या सहीने. पत्र मात्र खुलासा हातात आल्यावरच टाकते. प्रत मिळाली की त्यात काय लिहिलंय ते इथे सांगेन.